नाव ठरतं लेसच्या मुळाशी

काका, मी सांगलीचा, वय 26, पुण्यात ऑडिट फर्ममध्ये आहे. ऑनलाइन ‘ऑक्सफर्ड’ म्हणून तपकिरी बूट मागवले, पुढे भोकाभोकांची नक्षी आहे. वरून काढलेला फोटो जोडतोय. ऑफिसातला सीनियर म्हणाला, हे ऑक्सफर्ड नव्हेतच. मग दुकानात काळे ऑक्सफर्ड घालून पाहिले, तर लेस बांधल्यावर वर दोन बोटं मावतील एवढी फट राहिली. सेल्समन म्हणाला, “वापरलं की बसेल.” पुढच्या महिन्यात मुंबईला एका बँकेत इंटरव्ह्यू आहे, नंतर मामेबहिणीचं लग्न आणि रिसेप्शनला सूट. मंक स्ट्रॅप मनात भरलाय, पण धाडस होत नाही. बाबा म्हणतात, लोफर म्हणजे महागडी चप्पल. एका जोडाचे पैसे आत्ता आहेत, दुसरा दिवाळीनंतर. काय घेऊ?
— पंजा पसरलेला सांगलीकर

प्रिय सांगलीकर,

सीनियर बरोबर बोलला. फोटोतला बूट डर्बी आहे. आता तोच बूट हातात घे आणि लेस पूर्ण काढून टाक, म्हणजे पुढचं सगळं डोळ्यांना दिसेल.

लेसची भोकं ज्या दोन पट्ट्यांवर असतात, त्यांना आपण पाकळ्या म्हणू. बोटांपासून चवड्यापर्यंतचा भाग झाकणारा जो चामड्याचा तुकडा असतो, तो पुढचा तुकडा. आता सगळ्यात खालच्या भोकांपाशी बघ. तुझ्या बुटात पाकळ्या पुढच्या तुकड्याच्या वर ठेवून शिवल्या आहेत. त्यांच्या खालच्या कडेखाली नख घालून बघ, जाईल. दोन्ही पाकळ्या बाहेर ओढल्यास तर खिडकीच्या झडपांसारख्या उघडतील. ही झाली डर्बी. ऑक्सफर्डमध्ये याच्या बरोब्बर उलटं असतं. तिथे पाकळ्या पुढच्या तुकड्याच्या खाली जातात आणि तिथेच शिवून बंद होतात. लेस कितीही सैल केली तरी वर इंग्रजी व्हीच्या आकाराची चीर तेवढी उघडते. त्या चिरेच्या टोकाला बहुतेक वेळा एक लहानसा आडवा टाका असतो, चामडं पुढे फाटू नये म्हणून.

गिऱ्हाइकांना मी कपड्यांवरून सांगायचो. ऑक्सफर्ड म्हणजे गळ्याशी चीर असलेला कुडता. बटणं सगळी काढलीत तरी तो छातीपाशी थांबणार. डर्बी म्हणजे बंडी, दोन्ही पल्ले मोकळे. ज्याचं पोट सुटलंय त्याला बंडी का बरी वाटते, हे सांगायला नको. पायाचंही तसंच आहे, त्याकडे येतोच.

म्हणजे बुटाचं नाव या एका शिवणीवर ठरतं. रंग, टोक, नक्षी, तळ, किंमत यातलं काहीही ते बदलू शकत नाही. तरी वेबसाइटवर सर्रास घोळ होतो, कारण अमेरिकेत ‘ऑक्सफर्ड’ हा शब्द लेसच्या कुठल्याही बुटाला ढिलेपणाने वापरतात. तिकडे नेमकं बोलायचं तर आपल्या ऑक्सफर्डला बाल्मोरल म्हणतात आणि डर्बीला ब्लूशर. हे दुसरं नाव ज्याच्यावरून पडलं तो ब्लूशर म्हणजे प्रशियाचा सेनापती, 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढलेला. सैनिकांना पटकन पाय घालता-काढता यावा म्हणून त्याने मोकळ्या पाकळ्यांचे बूट करवून घेतले, अशी गोष्ट सांगतात. तेव्हा ऑनलाइन घेताना शीर्षक वाचत बसू नकोस. वरून काढलेला फोटो मोठा कर आणि खालच्या भोकांपाशी बघ. तसा फोटोच दिला नसेल तर पुढच्या बुटाकडे जा.

आता ती भोकाभोकांची नक्षी. तिला ब्रोग म्हणतात आणि ती बुटाची जात नव्हे, नुसती सजावट आहे. हा शब्द आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतल्या बुटासाठीच्या शब्दावरून आला. तिथल्या दलदलीत चालताना आत शिरलेलं पाणी निथळावं म्हणून बुटांना भोकं असत, असं त्याचं मूळ सांगितलं जातं. आजची भोकं आरपार नसतात. बुटात हात घालून चाचपलंस तर आतलं अस्तर सपाट लागेल. तेव्हा ‘भोकं आहेत म्हणून ऑक्सफर्ड’ हे जितकं चूक, तितकंच ‘भोकं आहेत म्हणून ऑक्सफर्ड नाही’ हेही चूक. ऑक्सफर्डवर ब्रोग असते, डर्बीवर असते, लोफरवरही असते. तुझ्या बुटाच्या टोकावरचा तुकडा पक्ष्याच्या पंखांसारखा दोन्ही बाजूंना मागे जातो, त्याला विंगटिप म्हणतात. मग तुझ्याकडे नक्की आहे काय? तपकिरी विंगटिप ब्रोग डर्बी. नाव लांबलचक आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतो आणि शेवटचा तेवढा लेसबद्दल.

पण तुझा खरा प्रश्न दोन बोटांच्या फटीचा आहे, आणि तिथे मला तुझ्या सेल्समनशी भांडायचंय.

नवा ऑक्सफर्ड घालून लेस नीट ओढून बांधली की दोन पाकळ्यांमध्ये थोडी फट राहिलीच पाहिजे. अर्धा सेंटिमीटर छान, एक सेंटिमीटरपर्यंत चालेल. पाकळ्या नव्यातच एकमेकींना टेकल्या तर उलट तो बूट घेऊ नये. चामडं काही आठवड्यांत थोडं ढिलं होतं, आतली गादी दबते, आणि मग लेस ओढायला जागाच उरत नाही. पाय आत पुढेमागे सरकायला लागतो. म्हणजे ‘वापरलं की बसेल’ हे वाक्य एक सेंटिमीटरच्या फटीबद्दल खरं आहे. तुझी दोन बोटं म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास. एवढं चामडं कधीच सैल होत नाही. ती चीर कायम व्हीसारखी फाकलेली राहणार, मधून जीभ दिसणार आणि संध्याकाळी पावलाच्या पाठीवर लेसचे लाल वळ उठणार. ऑक्सफर्डची सगळी शान त्या मिटलेल्या रेषेत असते. ती रेषा मिटत नसेल तर हजारो रुपये खर्चून माणूस घाईत शर्टाची बटणं लावायला विसरल्यासारखा दिसतो.

यावर दुकानदाराचं ठरलेलं उत्तर म्हणजे एक नंबर मोठा. मीही सुरुवातीच्या काळात हेच करायचो, कबूल करतो. ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी जवळजवळ साडेआठ मिलिमीटरने वाढते. उंचीही थोडी वाढते, म्हणून फट कमी दिसते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण बुटाचा सगळ्यात रुंद भाग आता तुझ्या चवड्याच्या पुढे गेलेला असतो. बूट वाकतो एकीकडे आणि पाय दुसरीकडे. पुढे रिकाम्या टोकात आडव्या घड्या पडतात, मागे टाच उचलली जाते. महिन्याभरात गिऱ्हाईक परत येतं, “काका, टाच चावते.” चावत नसते, घासत असते.

कारण सोपं आहे. ज्याच्यावर बूट ओढून बनवतात त्या साच्याला कारागीर फर्मा म्हणतात. बाजारातल्या फर्म्यांची घडण पुष्कळदा युरोपी पायाच्या अंदाजाने आलेली असते आणि आपल्याकडे बहुतेक दुकानांत एका नंबरात एकच रुंदी मिळते. आपण मात्र लहानपणी अनवाणी हुंदडलेले, नंतर चपला आणि कोल्हापुरीत वाढलेले. पंजा पंख्यासारखा पसरतो. त्यात पावलाची पाठही उंच असेल, जशी तुझी दिसते, तर ऑक्सफर्डची ती न हलणारी चीर नेमकी तिथेच आडवी येते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांच्या पायांची मापं घेतली, ती या भारतीय पायासाठी स्वतंत्र मापपद्धती बसवण्यासाठीच. तेव्हा पायाला दोष देऊ नकोस.

एक जुनं गिऱ्हाईक सांगतो. वकील होते, पाय हुबेहूब तू लिहिलास तसा, नंबर आठ. त्यांना कोर्टासाठी ऑक्सफर्डच हवा होता. आठमध्ये फट तीन सेंटिमीटर, नऊमध्ये दीड, पण टाच जिन्यावर सुटत होती. मी त्यांना आठ नंबरचा काळा साधा डर्बी घातला, अगदी नाइलाजाने बसले घालायला. लेस बांधल्यावर पाकळ्यांमध्ये फट राहिली तीच तीन सेंटिमीटर. पण डर्बीत ती फट कुणाला खुपत नाही, कारण तिथे पाकळ्या वरच असतात, त्यांच्या कडा समांतर राहतात आणि खालून पुढच्या तुकड्याचीच जीभ वर आलेली दिसते. बूट बंद दिसायलाच हवा असा डर्बीचा हट्ट नाही. कडा समांतर आहेत ना, एवढं बघायचं. खाली जवळ आणि वर फाकलेल्या असतील तर डर्बीही पाठीवर घट्ट होतोय असं समज. वकीलसाहेब दुकानातला जिना तीनदा चढले-उतरले आणि तोच घेऊन गेले.

आता औपचारिकपणा. हे लोक पाठ करतात: ऑक्सफर्ड सगळ्यात वर, मग डर्बी, मग मंक, मग लोफर. ढोबळमानाने ठीक आहे. पण हा क्रम कशातून आला ते कळलं तर पाठ करायला लागत नाही. बुटाच्या पृष्ठभागावर जितकं कमी घडतंय तितका तो औपचारिक. ऑक्सफर्डवर पाकळ्या आत दडलेल्या, म्हणून रेषा शांत. डर्बीवर दोन पल्ले उठून दिसतात. मंकवर बक्कल चमकतं. लोफरवर बांधणंच नाही, वर घोट्याखालचा भाग उघडा. आणि हाच नियम टोकालाही लागतो. टोक पूर्ण साधं किंवा त्यावर एकच सरळ आडवी शिवण, जिला कॅप टो म्हणतात, ते औपचारिक. भोकं आली की एक पायरी खाली, पंख आले की आणखी खाली. काळा रंग वर, तपकिरी खाली, आणि तपकिरीतही जितका फिकट तितका खाली. गुळगुळीत चामडं वर, सुएड खाली.

म्हणूनच काळा, साधा, कॅप टो डर्बी हा फिकट तपकिरी ब्रोग ऑक्सफर्डपेक्षा जास्त औपचारिक ठरतो. नावात ऑक्सफर्ड असून काय करायचंय! इंटरव्ह्यूच्या टेबलापलीकडून कुणी शिवण तपासायला वाकत नाही. दाराशी तू चालत येताना दिसतं ते एवढंच: बूट काळे आहेत, टोक साधं आहे, पॉलिश आहे, आणि माणूस लंगडत नाही.

टोकाच्या आकाराबद्दल माझं मत जरा कडक आहे. गोल टोक, बदामी म्हणजे हळूहळू निमुळतं होऊन गोल संपणारं टोक, आणि पटाशीने वरून छिलल्यासारखं चपटं चिझल टोक, हे तिन्ही चांगले. चिझल जरा तरतरीत दिसतं, गोल जरा भोळं. तुझ्या पसरलेल्या पंज्याला गोल किंवा बदामी घे. निमुळतं होणं कुठून सुरू होतं ते बघ: करंगळीच्या पुढून सुरू होत असेल तर पाय सुखी, करंगळीवरच सुरू होत असेल तर सहा महिन्यांत घट्टे. ज्या बुटांची टोकं बोटांपुढे चार बोटं लांब जातात आणि शेवटी वर वळतात, आणि लग्नसराईत आरशासारखी चकाकत मांडलेली असतात, त्यांच्याकडे बघूही नकोस. रिसेप्शनच्या फोटोत सूट आधी दिसला पाहिजे. ती आरशासारखी चकाकी मुळात पेटंट लेदरची, आणि पेटंटची जागा टक्सिडोखाली. साध्या सुटाखाली चांगलं पॉलिश केलेलं चामडं पुरतं.

मंक स्ट्रॅप तुझ्या मनात आहे, तर त्याच्याबद्दल सविस्तर बोलू. मंक म्हणजे लेस काढून टाकलेला डर्बीचा चुलतभाऊ. पाकळी एका बाजूने पावलाच्या पाठीवरून आडवी येते आणि बाहेरच्या बाजूला बकलात अडकते. युरोपातल्या मठांतले साधू पट्ट्याचं पादत्राण घालत, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. एक पट्टा तो सिंगल, दोन ते डबल. डबल मंकचं सगळ्यात नावाजलेलं रूप म्हणजे जॉन लॉबचं 1945 मधलं ‘विल्यम’ मॉडेल. गेल्या काही वर्षांत डबल मंक आपल्याकडे लग्नांत इतका दिसतो की धाडसाचा प्रश्नच उरलेला नाही. माझी आवड विचारशील तर सिंगल. एकच बक्कल शांत असतं, ऑफिसात खपून जातं. दोन बकलं असली की माणूस बोलायला लागण्याआधी बूट बोलतात.

पण मंकमध्ये तुझ्या पावलाच्या उंच पाठीचा प्रश्न परत येतो. लेस हवी तेवढी सैल करता येते, पट्ट्याला मात्र तीन-चारच भोकं. घालून बघताना पट्टा मधल्या भोकात आरामात लागला पाहिजे. पहिल्या दिवशीच शेवटच्या भोकात गेला तर तो बूट तुझा नाही. दुसरी खूण: बक्कल बाहेरच्या बाजूला असायला हवं. ते ओढलं जाऊन पावलाच्या मध्यावर येत असेल आणि पट्ट्याच्या कडेला चामडं फुगत असेल, तर पाठ मावत नाहीये. पुष्कळ मंकमध्ये बकलाच्या आतल्या बाजूला इलॅस्टिकचा तुकडा असतो, त्यामुळे रोज बक्कल न काढता पाय घालता येतो आणि थोडं अंतर सांभाळून घेतलं जातं. ते आहे का, बक्कल उचलून बघ. आणि कमरेच्या पट्ट्याचं बक्कल त्याच रंगाचं घे, चांदी तर चांदी, पितळी तर पितळी. एवढं पाळलंस तर बास.

बाबांचं लोफरबद्दलचं मत अर्धं खरं आहे. लोफर आला तो नॉर्वेतून, ऑर्लंड भागातल्या, मोकासिनसारख्या शिवणीच्या साध्या बुटातून. अमेरिकेत जी. एच. बास कंपनीने 1936 मध्ये तो ‘वीजन्स’ नावाने काढला. नॉर्वेजियनचाच तो लाडका अपभ्रंश. वरच्या पट्टीत छोटी चीर असलेला हा पेनी लोफर पुढे अमेरिकी कॉलेजांत रुळला. मग 1953 मध्ये गुचीने पट्टीच्या जागी घोड्याच्या लगामाची कडी बसवली आणि तो सुटाखालीही जायला लागला. म्हणजे जन्माने घरगुती, पण आता चपलेच्या बराच पुढे गेलेला. गोंडेवाला टॅसल लोफर तर कितीतरी ऑफिसांत रोजचा आहे. बाबांना एवढंच सांग की काळ्या सुटाखाली आणि इंटरव्ह्यूला मी तो घालणार नाही. ते शांत होतील.

लोफरची खरी अडचण दिसण्याची नाही, मापाची आहे. त्यात आवळायला काहीच नसतं, म्हणून माप जमलं तर जमलं. चामडं रुंदीला थोडं ढिलं होतं, लांबीला होत नाही. नव्यात पाठीवर घट्टसर असेल तर चालेल, बोटं टोकाला लागत असतील तर अजिबात नाही. जिना चढताना टाच बाहेर येत असेल तर तो मोठा आहे. दुकानदार आत जाड सोल टाकून देईल, त्याने पाऊल आणखी वर उचललं जाईल आणि पट्टी तुझ्या पाठीला करकचेल. तुझ्यासारख्या पायाला पेनी लोफरची ती आडवी पट्टी नेमकी नको तिथे येते. काही लोफरना जिभेच्या दोन्ही बाजूंना आतून इलॅस्टिक असतं, तेवढेच घालून बघ.

आता खरेदी. आत्ताच्या पैशांत काळा डर्बी घे: कॅप टो किंवा पूर्ण साधं टोक, गोल वा बदामी, नक्षी नको, तळ पातळ रबराचा. चामड्याचा तळ देखणा असतो, पण मुंबईत स्टेशनच्या ओल्या फरशीवर तो साबणासारखा सरकतो. हाच जोड इंटरव्ह्यूला, क्लायंटकडे आणि रिसेप्शनच्या सुटाखालीही जाईल. घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सूटबरोबर घालणार तेच मोजे घालून जा. दोन्ही पाय घालून बघ, कारण एक पाय नेहमी थोडा मोठा निघतो. वाकवून बघ: चवड्यापाशी बारीक सुरकुत्या पडल्या तर चामडं बरं, प्लास्टिकच्या कागदासारखी एकच ठळक घडी पडली तर वर जाड थर चढवलेला आहे, तो तिथेच तडकेल.

एक इशारा, विषय सोडून आहे तरी. ‘लग्नकार्यापुरते’ म्हणून कपाटात ठेवलेल्या बुटांचा पीयू सोल दमट हवेत दोन-चार वर्षांत आतून कुजतो आणि पहिल्याच पावलाला खाकरासारखा तुटतो. माझ्याकडे एक गृहस्थ रिसेप्शनच्या हॉलमधून थेट रिक्षाने आले होते, एका हातात बूट, दुसऱ्या हातात आहेराचं पाकीट. तळावर कोरलेलं वाच, पीयू असेल तर तो रोज वापरायचा बूट आहे, ठेवायचा नाही.

दिवाळीनंतर गडद तपकिरी सिंगल मंक घे, पट्टा मधल्या भोकात लागला तर. नाही लागला तर गडद तपकिरी सुएडचा इलॅस्टिकवाला लोफर. ऑक्सफर्डचा नाद तूर्त सोड. कधी पायाच्या मापाने बूट करून घेण्याइतके पैसे आले, तर कारागिराला पाठ उंच आहे एवढं आधी सांग, तो फर्म्यावर तिथे चामड्याचा तुकडा चढवून घेईल आणि तुझीही रेषा मिटेल.

हातातल्या तपकिरी डर्बीला परत पाठवू नकोस. पाकळ्या समांतर दिसतायत, म्हणजे माप बरोबर आलंय. शुक्रवारी चिनो किंवा जीन्सबरोबर घाल. नेव्ही सुटाखाली दिवसाच्या कार्यक्रमालाही चालेल, रात्रीच्या रिसेप्शनला नको.

आणि लग्नात तू मुलीकडचा. मांडवात जोडे पळवायची जबाबदारी तुमच्यावर येणार. नवरदेव लोफर घालून आला तर काम सेकंदात होईल. लेसवाला डर्बी असेल तर तो स्वतःच वाकून सोडेल, तेवढ्यात उचला. डबल मंक असेल तर आधी बकलाच्या आत इलॅस्टिक आहे का ते बघून ठेव. नसेल तर त्याला बूट काढायलाच एवढा वेळ लागेल की करवल्यांना उभं राहून कंटाळा येईल.

तुझा,
काका